आंबा बंद, बाटली चालू: फळांतलं फ्रुक्टोज, सिरपमधलं फ्रुक्टोज आणि आपलं यकृत

मी म्हापशाजवळ आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी, असं वाचून माणूस आला की पहिला बळी आंब्याचा जातो. एप्रिल-मे महिन्यांत तर रोज तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते आहे.

आंब्यातलं फ्रुक्टोज आणि बाटलीतलं फ्रुक्टोज वेगळं असतं का?

नाही. फ्रुक्टोज ही साखरेचीच एक जात, आणि रेणू तोच. नैसर्गिक फ्रुक्टोज चांगलं आणि कारखान्यातलं वाईट, असं यकृताला काही कळत नाही. फरक पडतो तो एका वेळी किती आलं, किती वेगाने आलं आणि कशाबरोबर आलं याने. पुढची बहुतेक उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतील.

फ्रुक्टोज सिरप म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्या पेयांत ते असतं का?

मक्याच्या स्टार्चचं आधी ग्लुकोज करतात आणि मग एका एन्झाइमने त्यातल्या काही ग्लुकोजचं फ्रुक्टोज करतात. तयार होणाऱ्या पाकात ४२ किंवा ५५ टक्के फ्रुक्टोज असतं आणि उरलेलं बहुतेक ग्लुकोज. अमेरिकेत शीतपेयांत हेच जातं. आपल्याकडे बहुतेक बाटल्यांत साधी उसाची साखर असते. पण म्हणून सुटलो असं समजू नका. साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेलं, आणि आतड्याच्या भिंतीवर ते दोन्ही लगेच सुटे होतात. म्हणजे साखर ५० टक्के आणि सिरप ५५ टक्के. यकृताच्या हिशेबात हा फरक किरकोळ आहे.

लेबलवर ‘इन्व्हर्ट सिरप’ दिसलं तर ती सुटी झालेली साखरच समजा, अर्धं-अर्धं. ‘लिक्विड ग्लुकोज’ मात्र वेगळं. त्यात फ्रुक्टोज जवळजवळ नसतं, तरी लोक घाबरून ते आधी टाळतात आणि शेजारची ‘साखर’ वाचतच नाहीत. घटकांच्या यादीपेक्षा पोषणाच्या चौकटीतली ‘अतिरिक्त साखर’ ही ओळ बघा. ती १०० मिलीलीटरला किती ते लिहिलेलं असतं, आणि बाटली ६०० मिलीलीटरची असते. सहाने गुणायचं राहून जातं.

ग्लुकोज चालतं आणि फ्रुक्टोज नको, असं का? यकृतात दोघांचं वेगळं काय होतं?

ग्लुकोज हे सगळ्या शरीराचं इंधन आहे. मेंदू, स्नायू, रक्तपेशी, सगळेच ते घेतात. यकृतही घेतं, पण तिथे एक चौकी आहे. यकृताच्या पेशीत ऊर्जा पुरेशी झाली की ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम मंदावतं आणि पुढची आवक थोपवली जाते. जेवण भरपूर झालं की पेशी ‘पुरे’ म्हणू शकते.

फ्रुक्टोज या चौकीच्या पलीकडूनच आत शिरतं. यकृतात आलं की फ्रुक्टोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवून पेशीत अडकवून टाकतं. हे काम फार वेगाने होतं, आणि पेशीचं पोट भरलं म्हणून ते एन्झाइम थांबत नाही. फॉस्फेट येतं पेशीच्या ऊर्जेच्या नाण्यांतून, म्हणजे एटीपीतून. एकदम खूप फ्रुक्टोज आलं तर ही नाणी तात्पुरती संपत येतात, त्यांचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांतून युरिक ॲसिड तयार होतं. शीतपेयांची सवय असलेल्यांना गाउट जास्त होतो, त्यामागे हा एक धागा आहे.

मग या फ्रुक्टोजची चरबी होते का? लोकांना वाटतं तशी थेट नाही. माणसांवर खुणेचे अणू वापरून केलेल्या अभ्यासांत साधारण निम्म्या फ्रुक्टोजचं ग्लुकोज झालेलं दिसतं, पाव भाग लॅक्टेट होतो, काही भाग ग्लायकोजेन म्हणून साठतो. त्या एका घोटातून थेट चरबी होते ती जेमतेम काही टक्के. खरी भानगड पुढे आहे. रोज, वर्षानुवर्षं, जास्त फ्रुक्टोज येत राहिलं की यकृत चरबी बनवणारी यंत्रणाच वाढवून ठेवतं. त्या एन्झाइमांच्या जनुकांना जागं करणारे संकेत चढते राहतात. मग भातातून आलेलं ग्लुकोजसुद्धा त्याच वाटेने चरबीकडे वळतं. काही चरबी यकृतातच बसते, काही ट्रायग्लिसराइड होऊन रक्तात उतरते. म्हणून फॅटी लिव्हरच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये मी कोलेस्टेरॉलच्या आधी ट्रायग्लिसराइड बघते.

मग फळातलं फ्रुक्टोजही यकृतातच जाणार ना?

सगळं नाही. बरीच वर्षं पुस्तकांत लिहिलं जायचं की आतडं फ्रुक्टोज फक्त शोषून पुढे ढकलतं आणि जे काही करायचं ते यकृत करतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने उंदरांवर खुणेचं फ्रुक्टोज वापरून दाखवलं की थोडं फ्रुक्टोज असेल तर त्याचा बहुतेक भाग लहान आतडंच बदलून टाकतं, मुख्यतः ग्लुकोजमध्ये. यकृताच्या शिरेत मग ग्लुकोज पोचतं. मात्रा वाढली की आतड्याचे हात अपुरे पडतात आणि उरलेलं फ्रुक्टोज जसंच्या तसं यकृतात आणि मोठ्या आतड्यात सांडतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: उंदरांनी आधी काही खाल्लेलं असेल तर आतडं फ्रुक्टोज जास्त चांगलं हाताळतं.

२०२० मध्ये याचा पुढचा भाग आला. ज्या उंदरांच्या आतड्यातलं फ्रुक्टोकायनेज काढून टाकलं होतं, त्यांच्या यकृतात तेवढ्याच फ्रुक्टोजवर जास्त चरबी बनायला लागली. म्हणजे आतडं हा यकृतापुढचा बांध आहे. मांडवी नदीला पाणी हळूहळू चढलं तर बांधातली मानशी, म्हणजे पाणी अडवणारी झडप, सांभाळते. एका रात्रीत सगळा पाऊस कोसळला तर पाणी खाजनात, म्हणजे बांधामागच्या सखल शेतात, शिरतंच. (ज्यांच्या घरचं शेत खाजनात आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.)

उंदराची मात्रा माणसाला वजनाच्या हिशेबाने सरळ लावता येत नाही. त्यामुळे ‘अमुक ग्रॅमपर्यंत सुरक्षित’ असं मी कुणाला सांगत नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर विचारा, आकडा कुठून आणला.

एका मानकुरादात किती आणि एका बाटलीत किती? सरळ आकडे द्या.

देते, पण आकडे ऐकून दचकू नका. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सगळी मिळून साधारण १४ ग्रॅम साखर असते. त्यात सुटं फ्रुक्टोज आणि साखरेच्या पोटातलं फ्रुक्टोज मिळून ८ ग्रॅमच्या आसपास. एका बऱ्या मानकुरादाचा गर १५० ग्रॅम धरला तर फ्रुक्टोज झालं १२ ग्रॅम. कोला प्रकारच्या ३०० मिलीलीटर शीतपेयात ३२ ग्रॅमच्या जवळपास साखर, म्हणजे १६ ग्रॅम फ्रुक्टोज.

१२ आणि १६. फार अंतर नाही. ‘फळात फ्रुक्टोज नगण्य असतं’ असं कुणी सांगितलं असेल तर ते आंब्याला लागू नाही, फणसाला तर नाहीच. अंतर आहे ते वेळेत. मानकुराद तुम्ही दुपारी शीतकडी झाल्यावर, पोटात भात, नुस्त्याची कढी, भाजी असताना खाता. तो कापायचा, साल दातांनी ओढायची, बाठा चोखायचा, यात दहा-पंधरा मिनिटं जातात. गर पेशींच्या पिशव्यांत बंद असतो, तंतूंमध्ये गुंतलेला असतो, पोटात तो आधीच्या जेवणात मिसळतो आणि आतड्यात थोडा थोडा उतरतो. बाटली उन्हातून आल्यावर रिकाम्या पोटी, उभ्या उभ्या दोन मिनिटांत संपते. पातळ साखरपाणी पोटात थांबत नाही. आतड्याच्या पुढच्या थोड्याशा भागावर सगळं एकदम येऊन पडतं.

दुसरं अंतर पोट भरण्याचं. दोन आंबे खाल्ले की तिसऱ्याला हात कमीच जातो, आणि रात्रीचं जेवणही थोडं कमी होतं. बाटलीनंतर जेवण तेवढंच होतं, म्हणजे तिच्या कॅलरी वर चढतात. तिसरं म्हणजे, मानकुराद दोन महिने असतो. बाटली बाराही महिने.

ताजा रस चालेल का? आणि नीरो?

काजूच्या बोंडूचंच बघा. बोंडू नुसता मीठ लावून खाल्ला तर तीन-चारांत घसा धरतो आणि माणूस थांबतो. तेच बोंडू पिळून काढलेला नीरो, बाहेरून साखरेचा एक दाणा न घातलेला, गार करून दिला तर दोन ग्लास सहज जातात. त्या दोन ग्लासांत किती बोंडू गेले ते पिळणाऱ्यालाच ठाऊक. चोथा गुरांना गेला आणि साखर तुमच्याकडे आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशींत फळांचा रस याच कारणासाठी ‘मुक्त साखरे’त धरला आहे, मध आणि पाकाच्या पंगतीत. अख्खं फळ त्यात धरलेलं नाही. मुक्त साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याने ५० ग्रॅमच्या आत, आणि जमलं तर निम्म्यावर आणा, असं ती सांगते. मी नीरो बंद करायला सांगत नाही. हंगामात एकदा-दोनदा, छोटा ग्लास, जेवणानंतर. रोजची तहान पाण्याने भागवा.

आमरसाबाबत माझी हरकत त्यात पडणाऱ्या साखरेला आहे.

हे सगळं उंदरांचं झालं. माणसांवर काही आहे का?

आहे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात जाड माणसांना दहा आठवडे दिवसाच्या २५ टक्के ऊर्जा गोड पेयांतून दिली, एका गटाला ग्लुकोजची आणि दुसऱ्याला फ्रुक्टोजची. वजन दोघांचंही सारखंच वाढलं. पण पोटाच्या आतली चरबी आणि यकृताची चरबी बनवण्याची गती फ्रुक्टोजच्या गटातच जास्त वाढली. २५ टक्के ही मात्रा मोठी आहे, हे लक्षात ठेवून तो अभ्यास वाचायचा.

मला जास्त उपयोगी वाटतो तो २०१९ चा. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांपैकी निम्म्यांच्या घरचं सगळं जेवण आठ आठवडे असं ठेवलं की मुक्त साखर ३ टक्क्यांच्या आत राहील. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. बाकीच्या मुलांची २१ वरून २०. आठ आठवड्यांत एवढा फरक! आणि काढली होती ती मुक्त साखर.

अख्ख्या फळाबद्दल २०१३ चा एक मोठा अभ्यास आहे, सुमारे १ लाख ८७ हजार अमेरिकी परिचारिका, डॉक्टर वगैरेंचा. अख्खी फळं खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, रस पिणाऱ्यांत जास्त. हा निरीक्षणाचा अभ्यास, त्यामुळे फळं खाणारा माणूस एरवीही जपून राहणारा असू शकतो. तरी फळ आणि रस उलट्या दिशांना गेले, हे बोलकं आहे.

प्रत्यक्ष कुणाचं उदाहरण सांगाल?

ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगते. बार्देसातले एक गृहस्थ, वय ४६, स्वतःची टॅक्सी. सोनोग्राफीत ग्रेड दोन फॅटी लिव्हर, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम एसजीपीटी ६१, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २६८. आल्या आल्या म्हणाले, “मॅडम, हांवें आंबे सोडल्यात, आनी कितें करूं?” चेहरा अगदी सुतक पडल्यासारखा.

मी त्यांना आदल्या दिवशीचं सगळं लिहायला लावलं. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम. विमानतळाच्या फेरीत तयार मँगो ड्रिंकची ६०० मिलीलीटरची बाटली. लेबलवर १०० मिलीलीटरला १४ ग्रॅम, म्हणजे ८४ ग्रॅम साखर. घरी संध्याकाळी गोड कोकम सिरपचे दोन ग्लास, मिळून ४० ग्रॅम. एकूण १६४ ग्रॅम साखर, त्यातलं निम्मं म्हणजे ८२ ग्रॅम फ्रुक्टोज. आणि सोडलेले आंबे किती? जेवणानंतर दोन, म्हणजे २४ ग्रॅम. गंमत अशी की आंबा सोडल्यामुळे आंब्याच्या आठवणीने ते ‘आंब्याचं’ ड्रिंक प्यायला लागले होते.

आम्ही बाटली पूर्ण बंद केली. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन केळी. कोकमचं सिरप काढून आगळ आणलं. मीठ, जिरं घालून पाण्यात किंवा सोलकढीत. चहा दोन कपांवर, अर्धा चमचा साखर. आणि दुपारी जेवल्यावर एक मानकुराद परत सुरू. तो सुरू केला नसता तर बाकीचं त्यांनी आठवडाभरही पाळलं नसतं, हे मला आजही वाटतं.

तीन महिन्यांनी एसजीपीटी ३४, ट्रायग्लिसराइड १७१, वजन चार किलो कमी. यात वजन उतरल्याचा वाटा किती आणि फ्रुक्टोज कमी झाल्याचा किती, हे एका माणसावरून वेगळं करता येत नाही.

साखरेऐवजी गूळ, माडाचा गूळ किंवा मध?

गूळ, मग उसाचा असो वा माडाचा, बहुतांशी साखरच. मधात १०० ग्रॅमला ३८ ग्रॅमच्या आसपास फ्रुक्टोज. चवीसाठी खुशाल घ्या, यकृतासाठी म्हणून घेऊ नका. आंब्या-फणसाची साटंही याच रांगेत. पाणी उडालेलं, बरेचदा वरून साखर घातलेली. एक छोटा तुकडा चघळायचा असतो, पोळीसारखा खायचा नसतो.

मधुमेहींसाठी फ्रुक्टोजची बिस्किटं मिळतात. ग्लुकोमीटरवर साखर वाढतही नाही. मग?

ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो. फ्रुक्टोज त्याला दिसतच नाही. बोटाच्या थेंबात आकडा चांगला आणि तेच फ्रुक्टोज यकृतात चाललेलं, असं होऊ शकतं. मधुमेह असलेल्यांत फॅटी लिव्हर आधीच जास्त आढळतं, म्हणून ही बिस्किटं मी टाळायला सांगते.

फळ खाल्लं की पोट फुगतं. हेही यकृताचं का?

बहुधा नाही, आतड्याचं. फ्रुक्टोज शोषण्याची आतड्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. उरलेलं मोठ्या आतड्यात गेलं की जिवाणू ते आंबवतात, मग वायू, गुरगुर, कधी जुलाब. ग्लुकोज सोबत असलं की फ्रुक्टोज बरं शोषलं जातं. त्यामुळे ज्यांत फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरंच जास्त, अशी सफरचंद, कलिंगड, आंबा ही फळं जास्त छळतात. फणसात दोन्ही जवळपास सारखी असतात, तरी वीस गरे खाल्ल्यावर पोट बिघडलं तर दोष फणसाला देऊ नये.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. बाळाला फळ, मध किंवा साखर द्यायला सुरुवात केल्यावर दर वेळी उलट्या, घाम, सुस्ती येत असेल तर ते देणं थांबवा आणि लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. अल्डोलेज बी नावाचं एन्झाइम जन्मतःच नसलेली मुलं असतात. विरळा आजार आहे, पण त्यांना फळही विष ठरतं.

उर्राक तर फळाचाच ना?

बोंडूतली साखर आंबवून तिचा अल्कोहोल झाला, तिथेच फळाचं नातं संपलं. अल्कोहोलही यकृतातच मोडतो आणि तोही चरबी वाढवतो. वर त्यात गोड लिंबू-सोडा ओतला की दोन्ही एकाच दाराने, एकाच वेळी. ग्रेड दोनच्या माणसाने हंगामाचं निमित्त सांगू नये.

कमी झालं हे कळणार कसं?

सोनोग्राफीवर फार विसंबू नका. यकृतात चरबी बरीच, साधारण २० टक्क्यांच्या वर असली तरच ती नीट दिसते, आणि ग्रेड बघणाऱ्याच्या नजरेवरही ठरते. ग्रेड दोनचा एक झाला म्हणून पेढे वाटणारे पाहिले आहेत, आणि तसाच राहिला म्हणून सगळं सोडून देणारेही. गोड पेयं थांबवल्यावर सगळ्यात आधी हलतं ते उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, काही आठवड्यांत. एसजीपीटी त्यामागून. पण एसजीपीटी नॉर्मल असूनही यकृतात चरबी असू शकते, हे विसरू नका. परवडत असेल तर फायब्रोस्कॅन करा, तो चरबीचा अंदाज आकड्यात देतो आणि यकृत किती कडक झालं आहे तेही सांगतो. कडकपणा जास्त आला तर माझ्याकडे नको, पोटविकारतज्ज्ञांकडे जा. रक्ताच्या तपासणीच्या आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर तपासणी आठवडाभर पुढे ढकला.